आधी वारा, मग डोंगर, मग राज्यं

प्रश्न: मी एक कल्पनारम्य कादंबरी लिहितोय. खंडाचा नकाशा काढलाय, दक्षिणोत्तर २,००० किमी आणि पूर्व-पश्चिम १,२०० किमी. बरोबर मधोमध हिमालयासारखी उंच डोंगररांग आहे. उत्तरेच्या सरोवरातून शर्वणी नदी निघते, पुढे तिला दोन फाटे फुटतात, एक पूर्व समुद्राला जातो आणि एक पश्चिम समुद्राला. पश्चिमेला सिंधार हे दर्यावर्दी राज्य, पूर्वेला तुरंग हे घोडेस्वारांचं, दक्षिणेला वाळवंट आणि त्यात रेताळ नावाचे क्रूर लुटारू. सिंधार आणि तुरंग यांच्यात शंभर वर्षं युद्ध चालू आहे, पण का, ते मलाच सांगता येत नाही. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात, नकाशा खोटा वाटतो. दुरुस्ती कुठून सुरू करू?

उत्तर:

वाऱ्यापासून सुरू करा. तुम्ही राज्यं आधी रंगवलीत आणि डोंगर-नद्या नंतर त्यांच्यामध्ये बसवल्यात. त्यामुळे डोंगर म्हणजे नुसती भिंत झाली आणि नदी म्हणजे निळी रेघ. एक ट्रेसिंग पेपर घ्या, त्यावर फक्त किनारा उतरवा आणि बाकीचं सगळं तूर्त विसरा.

पहिला निर्णय अक्षांशाचा. एका अंशाला साधारण १११ किमी धरले, तर तुमचं खंड १८ अंश लांबीचं होतं. ते ८ ते २६ उत्तर अक्षांशांत बसवू. या पट्ट्यात वर्षभर वारा ईशान्येकडून यायला हवा, म्हणजे पूर्व किनारा ओला आणि पश्चिम कोरडा. पण उन्हाळ्यात तापायला पुरेशी मोठी जमीन असेल आणि विषुववृत्ताकडे मोकळा समुद्र असेल, तर वारा अर्धं वर्ष उलटा फिरतो, नैऋत्येकडून येतो. हाच आपला मोसमी पाऊस. तुमचे दर्यावर्दी पश्चिमेला आहेत, तेव्हा मोसमी वारा घ्या. शिवाय तो घेतला की प्रत्येक गोष्टीला एक महिना चिकटतो, आणि तुमच्या युद्धाचं कारण मला त्या महिन्यांतच दिसतंय. ते पुढे येईलच.

आता डोंगर. तो मधोमध कशाला हवा? पश्चिम किनाऱ्यापासून ६०-८० किमीवर सरकवा आणि उंची कमी करा. नवे लेखक हमखास हिमालय काढतात, पण पाऊस अडवायला हजार-बाराशे मीटर पुरतात. महाराष्ट्रातला सह्याद्री तेवढाच आहे, तिथलं त्याचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. ओली हवा कड्याला धडकून वर चढते, थंड होते, पाणी टाकते. माथा ओलांडून खाली उतरताना ती पुन्हा तापते आणि उरलेलं पाणी धरून ठेवते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. एसटीने तीन-चार तासांचा प्रवास, पण भाताचा मुलूख संपून बाजरीचा सुरू होतो, कौलारू उतरत्या छपरांची घरं संपून धाब्याची सपाट घरं लागतात. तुमच्या कादंबरीत दोन संस्कृती एवढ्या जवळ असू शकतात, मध्ये हजार किलोमीटरची पोकळी लागत नाही.

म्हणजे तुमचं दक्षिणेचं वाळवंट गेलं. ८-१० अंशांवर, मोसमी वाऱ्याच्या तोंडावर वाळवंट राहणार नाही. त्याऐवजी माथ्याच्या पूर्वेला, डोंगराला समांतर असा उत्तर-दक्षिण कोरडा पट्टा काढा. रेताळ तिथे राहतील. पूर्वेला आणखी पुढे गेलात की पाऊस हळूहळू पुन्हा वाढतो.

नदी दुरुस्त करणं सोपं आहे. पाणी उतारावरून एकाच बाजूला जातं. नद्या एकमेकींना मिळत जातात, फुटत नाहीत. फाटे फुटतात ते समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात. दक्षिण अमेरिकेत कासिक्वियारे नावाचा एक प्रवाह ओरिनोकोचं पाणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेतो, पण तो इतका दुर्मीळ की भूगोलाच्या वर्गात नवल म्हणून सांगतात. एकाच सरोवराने दोन समुद्रांना पाणी पुरवायचं हे तर टिकतच नाही. जो फाटा जरा खोल, तो आणखी खोल कापत जातो आणि दुसरा कोरडा पडतो.

पण एका उगमातून दोन समुद्र ही कल्पना सोडू नका. महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री एकाच जागी उगम पावतात अशी श्रद्धा आहे. प्रत्यक्षात त्या त्याच पठाराच्या वेगवेगळ्या अंगांनी उतरतात. सावित्री पश्चिमेला उडी घेऊन थोडक्यात अरबी समुद्र गाठते. कृष्णा तोच समुद्र पाठीशी टाकून चौदाशे किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तुमच्या शर्वणीची अशीच दोन भावंडं करा. दोन नद्या, एक देऊळ, दोन्ही बाजूंचे पुजारी. भूगोल खरा राहील आणि दंतकथाही मिळेल.

एवढं काढलंत की सिंधारचं चित्र आपोआप बदलतं. त्यांच्या नद्या आखूड आणि उताराच्या, पावसाळ्यात खवळलेल्या आणि उन्हाळ्यात गुडघाभर. जहाज आत जाईल ते भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवरच. म्हणून त्यांची जुनी बंदरं उघड्या किनाऱ्यावर नकोत, खाडीच्या आतल्या टोकाला काढा. उल्हास नदीवरचं कल्याण, सावित्रीकाठचं महाड, वाशिष्ठीकाठचं चिपळूण अशीच आहेत. तिथे माल होडीतून उतरतो आणि बैलाच्या पाठीवर चढून घाटाने वर जातो. सिंधारकडे मीठ, मासळी, नारळ, इमारती लाकूड भरपूर. धान्य मात्र बेताचंच, कारण डोंगर आणि खाडी यांच्यात सपाट जमीन किती असणार?

घाट किती ठेवायचे ते विचार करून ठरवा, त्यावर राज्याची घडण ठरते. रांगेत एकच रुंद खिंड असेल तर सगळा व्यापार तिच्यातून वाहतो आणि तिच्या तोंडाशी एक मोठं, श्रीमंत गाव वाढतं. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरची पालघाट खिंड तशी आहे. तिच्या पूर्वेला कोईमतूरच्या परिसरात रोमन नाण्यांचे साठे सापडलेत, ते उगाच नाहीत. उलट अरुंद अशा वीस-पंचवीस वाटा असतील तर प्रत्येक वाटेवर एक चौकी, एक गड, एक घराणं. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, आणि त्या एका वाटेवर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे चार किल्ले. अशा मुलखात राजा कोणीही असो, त्याला घाटमाथ्यावरच्या देशमुखांची मनधरणी करावी लागते. तुमच्या कथेत दरबारी कारस्थानं बरीच दिसतात, म्हणून मी अरुंद वाटा निवडेन.

आता रेताळ. कोरड्या मुलखातले लोक क्रूर, हे समीकरण मला पटत नाही आणि वाचकांनाही पटलेलं नाही. त्या पट्ट्यातला माणूस वर्षभर काय करतो, ते बघा. पाचशे मिलिमीटर पावसात बाजरी येते, तीही तीन वर्षांतून एकदा बुडते. म्हणून तो सगळी भिस्त शेतावर न ठेवता मेंढरांवर ठेवतो, कारण मेंढरं पावसाच्या मागे चालू शकतात. आपल्याकडचे धनगर पाऊस सरला की वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरतं बिऱ्हाड, घेऊन निघतात. कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पुढचा पाऊस पडायच्या आत वर परततात, कारण कोकणातल्या ओलीत मेंढराचे खूर सडतात आणि रोग पडतो. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवायला सांगतो. रात्रभर लेंडी-मूत पडतं, जमिनीला खत मिळतं, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. मेंढपाळ आणि शेतकरी एकमेकांचे वैरी नाहीत, हंगामी भागीदार आहेत.

मग लूट कधी होते? पाऊस दोन वर्षं लागोपाठ हुकला की. चारा नसल्याने वाडा ठरल्या महिन्याआधीच खाली उतरतो, तेव्हा शेतात पीक उभं असतं. शेतकरी मेंढरं अडवतो, मेंढपाळाकडे परत जायला गवत नसतं, आणि काठ्या निघतात. म्हणजे तुमचे रेताळ सात-आठ वर्षांतून एकदा लुटारू होतील आणि बाकीची वर्षं त्याच शेतकऱ्यांच्या लग्नात जेवायला येतील. असा माणूस लिहायला किती बरा!

ही भागीदारी धर्मातही उतरते, हे विसरू नका. जेजुरीच्या खंडोबाला दोन बायका आहेत. म्हाळसा वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. लोकगीतांत दोघींचं भांडण रंगवून गातात. स्थिर बाजारपेठ आणि फिरता वाडा एकाच देवाच्या घरात नांदतात, कुरबुर करत का होईना. तुमच्या खंडात 'शेतकऱ्यांचा देव' आणि 'मेंढपाळांचा देव' असे वेगळे कप्पे केलेत, त्यापेक्षा हे कितीतरी जिवंत वाटतं.

युद्धाकडे येऊ. सिंधार आणि तुरंग यांच्यामध्ये आता घाट आहे. एकाकडे मीठ आणि बंदर, दुसऱ्याकडे धान्य. असे शेजारी जकातीवरून भांडतील, अधूनमधून एखादा घाट बळकावतील, पण शंभर वर्षं लढणार नाहीत, कारण मीठ बंद करून कोणाचंच चालत नाही. शंभर वर्षं लढतात ते सारखेच. सारखीच शेती, सारखंच सैन्य, सारखीच ताकद. म्हणून माझा सल्ला असा की तुरंगचे दोन तुकडे करा, उत्तर तुरंग आणि दक्षिण तुरंग, आणि त्यांच्यामध्ये एक दुआब ठेवा.

यासाठी रायचूर दुआब नीट अभ्यासा. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या बेचक्यातला हा प्रदेश. चौदाव्या शतकात उत्तरेला बहमनी आणि दक्षिणेला विजयनगर उभं राहिलं तेव्हापासून, बहमनी मोडून विजापूरची आदिलशाही आली तरी, सोळाव्या शतकापर्यंत तो हातोहात फिरत राहिला. शालेय पुस्तकात 'सुपीक प्रदेशासाठी संघर्ष' एवढंच म्हणतात. काळी जमीन आहे हे खरं, पण सुपीक जमीन इतरत्रही होती. इथे लढाई संपत का नव्हती, त्याचं उत्तर मला नद्यांत दिसतं.

दुआबात पाऊस बेताचाच पडतो. पण या दोन्ही नद्यांचं पाणी तिथलं नव्हे, ते चारशे किलोमीटरवरच्या सह्याद्रीचं. त्यामुळे आषाढ-श्रावणात दुआबावर आभाळ कोरडं असलं तरी दोन्ही बाजूंना पूर दुथडी भरून वाहतो. त्या तीन-चार महिन्यांत फौज, तोफा, हत्ती पार नेणं म्हणजे जुगार. पुढे हिवाळ्यात पाणी ओसरतं आणि उन्हाळ्यात जागोजागी उतार सापडतो, घोडे पाण्यातून चालत जातात. म्हणजे ही सीमा चार महिने भिंत असते आणि आठ महिने रस्ता.

याचा परिणाम बघा. समजा उत्तरेने उन्हाळ्यात दुआब घेतला आणि रायचूर, मुद्गलच्या किल्ल्यांत शिबंदी ठेवली. पाऊस लागला की कृष्णेला पूर येतो आणि ती शिबंदी आपल्याच राज्यापासून तुटते. दक्षिणेने घेतला तर तुंगभद्रा तिची वाट अडवते. जिंकायला सोपा आणि राखायला अवघड, दोघांनाही सारखाच. नदी बारमाही खोल असती तर ती सीमा म्हणून केव्हाच मान्य झाली असती. बारमाही उथळ असती तर जो बळकट त्याने दोन्ही काठ गिळले असते. कृष्णदेवरायाने रायचूरची मोठी लढाई जिंकली ती १५२० च्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर. तारखा अशा महिन्यांवर ठेवून वाचायची सवय लावून घ्या.

महिन्यांचा हाच हिशेब सैन्यालाही लागू. तुमचे सैनिक मूळचे शेतकरी असतील तर ज्येष्ठ ते भाद्रपद ते शेतात. दसऱ्याला खरीप हाती येतो, नद्या उतरतात, रानात गवत उभं असतं, म्हणून सीमोल्लंघन दसऱ्याला. गवताचा मुद्दा लेखक हमखास विसरतात, मीही विसरलो होतो. माझ्या पहिल्या नकाशात राजधानी नदीपासून ३०० किमी दूर, ओसाड माळावर होती आणि तिला धान्य बैलांवरून येत होतं. एका वाचकाने हिशेब पाठवला. ओझ्याच्या बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलो धरा, दिवसाची चाल १५ किमी. जायला २० दिवस, यायला २०. वाटेत चरायला काही नसेल तर रोज सहा किलो वैरण लागते, ४० दिवसांची २४० किलो. बैल स्वतःच्या ओझ्याच्या जवळपास दुप्पट खाऊन रिकामा परतला असता! वाटेत हिरवं गवत असेल तर तोच बैल फुकट चरतो आणि हिशेब जमतो. म्हणून दसऱ्यापासून होळीपर्यंत फौजेबरोबर वंजाऱ्यांचे तांडे चालू शकतात, वैशाखात नाही. तेव्हा लांबच्या मोहिमा हिवाळ्यात ठेवा. उन्हाळ्यातली लढाई सरहद्दीजवळच, नदीकाठीच ठेवा.

सिंधारचं पंचांग मात्र वेगळं चालतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली. नारळी पौर्णिमेला दर्या खुला होतो, म्हणजे दसऱ्याच्या दीड-दोन महिने आधी. या काळात सिंधारची जहाजं समुद्रावर मोकळी आणि तुरंगची फौज चिखलात अडकलेली. सिंधारने काही आगळीक करायची तर ती याच फटीत. एखादं बंदर जाळायचं, एखादा घाट दाबायचा, आणि तुरंगचं उत्तर यायच्या आत तह करून टाकायचा.

त्यांच्या हातात आणखी एक हुकूम द्या. तुमचे तुरंग घोडेस्वार आहेत, पण घोडे कुठले? दख्खनमध्ये लढाईचे चांगले घोडे मोठ्या संख्येने समुद्रमार्गे अरबस्तान आणि इराणकडून यायचे. १४७२ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान याने गोवा घेतला, त्यामागे या घोड्यांच्या बंदराचा मोह मोठा होता. आपले घोडे वाढवण्यापेक्षा विजयनगरचे घोडे तोडणं, हा त्यातला खरा फायदा. तुमच्या खंडातही घोडे पश्चिम समुद्रापलीकडून आणा. मग सिंधार कोणाशीच शंभर वर्षं लढत नाही, तो दोन्ही तुरंगांना घोडे विकतो आणि एकाला थोडे जास्त, एकाला थोडे कमी देऊन तराजू सारखा ठेवतो. युद्ध शंभर वर्षं का चाललं, याचं अर्धं उत्तर दुआबात आणि अर्धं सिंधारच्या धक्क्यावर.

इथे एक सावधगिरी. भूगोल कोण कशावरून भांडेल आणि कोणत्या महिन्यात, एवढं सांगतो. कोण जिंकेल, कोण फितेल, कोण तह मोडेल हे सांगत नाही. कृष्णेला पूर दरवर्षी येत होता, पण दरवर्षी लढाई झाली नाही. मधली ती मोकळी जागा तुमच्या पात्रांची आहे, ती नकाशाने भरू नका.

नवा नकाशा झाला की दोन परीक्षा घ्या. कुठेही बोट ठेवा आणि पाणी समुद्रापर्यंत पोचवा. बोट कुठे चढण चढलं किंवा डोंगर ओलांडून गेलं तर नदी चुकली. मग प्रत्येक मोठ्या गावासाठी विचारा की जेठ महिन्यात इथे प्यायचं पाणी कुठून येतं आणि सरपण किती लांबून. उत्तर सुचत नसेल तर ते गाव दोन बोटं नदीकडे सरकवा.

आणि दुआबातलं एक खेडं निवडा, अगदी लहान, दोन्ही नद्यांपासून सारख्या अंतरावरचं. त्याने शंभर वर्षांत किती वेळा कोणाला सारा भरला याची यादी करा. माझा अंदाज, तिथल्या पाटलाकडे दोन्ही राज्यांचे शिक्के असतील, आणि श्रावणात पूर आला की दोन्ही पेटीत ठेवून तो कोणालाच काही देत नसेल. तुमचं पहिलं प्रकरण दरबारात सुरू होतं. मी ते त्याच्या ओसरीवर सुरू केलं असतं, पूर ओसरायला लागल्याच्या दिवशी.